समुद्रावर रेखांश काढायला घड्याळ लागतं हे कळलं, पण असं घड्याळ बनवायला इतकी वर्षं का लागली?

सागरगोटा
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. अक्षांशाचं समजतं. ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की झालं. रेखांश मात्र वेळेच्या फरकातून काढावा लागतो. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून ग्रीनिचची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांत चार मिनिटांचा फरक असेल तर एक अंश. इथवर शाळेतला भूगोल पुरतो.

पुढे अडतं. 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला, की वेस्ट इंडीजपर्यंतच्या सफरीत अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवणाऱ्याला 20,000 पौंड. जॉन हॅरिसनचं चौथं घड्याळ, ज्याला आज एच-4 म्हणतात, ते तयार झालं 1759 साली आणि समुद्रावर गेलं 1761 साली. मध्ये जवळजवळ अर्धं शतक गेलं. आणि त्या काळी लंडनमध्ये उत्तम पेंडुलमची घड्याळं होती, दिवसाला एखाद-दोन सेकंदांपलीकडे न चुकणारी. मग तेच जहाजावर न्यायला एवढं काय आड आलं? जाणकारांनी सांगावं.

रविवारचा_वाचक
सोपं आहे. जहाज डोलतं, पेंडुलम बिघडतो. म्हणून पेंडुलम काढून त्याजागी स्प्रिंगवर फिरणारं चाक घातलं आणि घड्याळ एकात एक बसवलेल्या पितळी कड्यांमध्ये टांगलं, म्हणजे जहाज कितीही कललं तरी घड्याळ आडवं. प्रश्न मिटला. बाकी मग कारागिरी आणि सरकारी लालफीत.

या कायद्यामागे 1707 चा सिली बेटांजवळचा अपघात होता हेही सांगायला हवं. अ‍ॅडमिरल शॉव्हेलची चार जहाजं खडकांवर आपटली, हजाराहून जास्त माणसं गेली. कारण एकच, रेखांश माहीत नव्हता.

पेठकरीण
वाचतेय. विषय आवडीचा आहे, चहा घेऊन बसते.

हेअरस्प्रिंग
रविवारचा_वाचक, कड्यांचं बरोबर आहे, पण प्रश्न तिथे मिटला नाही. खरं तर तिथे सुरू झाला. आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. त्यामुळे हा भाग जरा सविस्तर लिहितो.

आधी पेंडुलमचं. डोलणं बाजूला ठेवा, पेंडुलम दुसऱ्या अक्षांशावर नेला तरी वेगळा चालतो. 1672 मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी. म्हणजे समुद्र शांत असला तरी पेंडुलम बाद.

आता बॅलन्स, म्हणजे ते फिरणारं चाक, आणि हेअरस्प्रिंग, म्हणजे त्याला परत ओढणारी बारीक स्प्रिंग. याचा शत्रू उष्णता. पोलादी स्प्रिंग तापली की तिचा जोर कमी होतो, चाकाला परत ओढायला ती आळस करते आणि घड्याळ मागे पडतं. साध्या पोलादी स्प्रिंगच्या घड्याळात हा फरक एका अंश सेल्सिअसला दिवसाला दहा-अकरा सेकंद येतो. आता हिशेब करा. इंग्लंडमधून नोव्हेंबरात निघालेलं जहाज जमैकाला पोचेपर्यंत हवा दहा अंशांनी सहज तापते. म्हणजे दिवसाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. कायद्यातला अर्धा अंश म्हणजे वेळेचे दोन मिनिटं. सहा आठवड्यांच्या सफरीसाठी ठेवलेली सूट एका दिवसात जवळजवळ संपली!

सागरगोटा, तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर. लंडनच्या भिंतीवरचं घड्याळ एकाच खोलीत, एकाच जागी असतं. जहाजावरच्याला थंडी, उकाडा, दमट हवा, हादरे सगळं एकाच सफरीत.

हॅरिसनने काय केलं? पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. पितळ उष्णतेने जास्त वाढतं, म्हणून जोडपट्टी वाकते. या वाकण्याने तो हेअरस्प्रिंगची कामात येणारी लांबी आपोआप कमीजास्त करत असे. पुढे फ्रान्समध्ये पिएर ल रुआ आणि इंग्लंडमध्ये आर्नल्ड, अर्नशॉ यांनी ही युक्ती स्प्रिंगवरून उचलून थेट बॅलन्समध्ये घातली. असा एक बॅलन्स मी भिंगाखाली पाहिला आहे. चाकाची कडा बाहेरून पितळ, आतून पोलाद, आणि दोन ठिकाणी चक्क कापलेली. त्यामुळे कडेचे दोन मोकळे हात होतात. उकाडा वाढला की हात आत वळतात, त्यांच्यावरचे छोटे वजनाचे स्क्रू मध्याकडे सरकतात, चाक फिरवायला सोपं होतं आणि मंदावलेल्या स्प्रिंगची भरपाई होते. कुठला स्क्रू कडेवर किती पुढे-मागे बसवायचा हे ठरवायला कारागीर घड्याळ आळीपाळीने उबेत आणि थंडीत ठेवून बघत बसायचा. महिने जायचे त्यात.

ओंकार_ठाणे
मस्त माहिती काका. पण मला एक कळेना. माझ्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर 'क्रोनोमीटर' लिहिलंय. स्वित्झर्लंडचं प्रमाणपत्र आहे, दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद. म्हणजे महिन्यात तीन मिनिटं पुढे जाऊ शकतं. हॅरिसनचं तर दोन-तीन महिन्यांत पाच सेकंद चुकलं असं सगळीकडे वाचतो. अडीचशे वर्षांत आपण मागे गेलो का? घेताना फसलो म्हणायचं की काय?

पेठकरीण
ओंकार, घड्याळ मला देऊन टाक. मला स्वयंपाकघरात तीन मिनिटं चालतात. :)

बंदरावरचा
ओंकारने न कळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी व्यापारी जहाजांवर सेकंड ऑफिसर होतो आणि क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढायचं घड्याळ, ही सेकंडचीच जबाबदारी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यायची, ठरलेले वेढे, आणि कॅप्टनला तसं सांगायचं. चावी दोन दिवस पुरेल अशी असते, तरी द्यायची रोजच आणि त्याच वेळी, कारण मुख्य स्प्रिंगचा तोच तोच भाग वापरला गेला की चाल सारखी राहते.

आणि एकदा लावलेल्या क्रोनोमीटरचे काटे आम्ही कधीच सरकवत नाही. तो पुढे गेला तर जाऊ दे. किती पुढे आहे आणि रोज किती पुढे जातो एवढंच वहीत लिहायचं. दिवसाला 3 सेकंद पुढे जाणारा क्रोनोमीटर उत्तम, जर तो रोज 3 च सेकंद जात असेल. आज 1 पुढे, उद्या 2 मागे, परवा बरोबर असं करणारा टाकाऊ, जरी महिन्याची बेरीज शून्य आली तरी. ओंकार, तुझ्या घड्याळाचं तपासायचं ते हे. ते प्रमाणपत्र खोटं नाही, पण घड्याळ रात्री काढून टेबलावर ठेवलं, सकाळी हातात घातलं की चाल बदलते. क्रोनोमीटर पेटीत, कड्यांमध्ये, कायम तबकडी वर करून असतो.

एच-4 चे ते पाच सेकंदही असेच आहेत. घड्याळ रोज 2⅔ सेकंद मागे पडतं असं धरून, तेवढं हिशेबात घेतल्यावर जमैकाला उरलेली चूक पाच सेकंद. नुसत्या काट्यांकडे पाहिलं असतं तर मिनिटांत फरक होता.

आता एक उदाहरण करून दाखवतो, म्हणजे चूक कुठे शिरते ते दिसेल. आकडे मी सोयीचे घेतलेत, रीत खरी आहे.

जहाज अरबी समुद्रात, मुंबईकडे येतंय, अक्षांश 19 च्या आसपास. तारीख 3 नोव्हेंबर. सूर्य सगळ्यात उंच गेला त्या क्षणी क्रोनोमीटर दाखवतोय 7 वाजून 11 मिनिटं 6 सेकंद. निघताना तो 18 सेकंद पुढे होता आणि दिवसाला 2.4 सेकंद पुढे जातो. निघून 30 दिवस झाले, म्हणजे आणखी 72. एकूण 90 सेकंद पुढे. ते वजा करून ग्रीनिचची खरी वेळ 7:09:36.

आता नवशिक्या म्हणेल इथे 12 वाजलेत, फरक 4 तास 50 मिनिटं 24 सेकंद, म्हणजे रेखांश 72 अंश 36 मिनिटं. मुंबई आलीच, नांगर तयार ठेवा! पण घड्याळ धरून चालतं सरासरी सूर्य, म्हणजे वर्षभर एकाच वेगाने चालणारा मनातला सूर्य, आणि आकाशातला सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या 16 मिनिटं 24 सेकंद पुढे असतो. म्हणजे सूर्य माथ्यावर आला तेव्हा इथली सरासरी वेळ 11:43:36 होती. फरक उरला 4 तास 34 मिनिटं. रेखांश 68 अंश 30 मिनिटं पूर्व. मुंबई अजून अडीचशे सागरी मैलांच्या घरात आहे. पंचांगातला तो एक आकडा विसरलात तर 230 मैलांची चूक.

आणि ते 90 सेकंद वजा करायचे राहिले तर? रेखांश येतो 68 अंश साडेसात मिनिटं, म्हणजे खऱ्या जागेच्या 21 मैल पश्चिमेला. चूक लहान, पण वाईट दिशेला. तुम्हाला वाटतं किनारा अजून लांब आहे, आणि असतो तो जवळ. रात्रीच्या वेळी मला पहिल्या चुकीपेक्षा या दुसरीची भीती जास्त वाटते. पहिली चूक लवकर उघडी पडते, कारण मुंबई दिसतच नाही.

सागरगोटा
बंदरावरचा, हे फार छान उलगडलंत. म्हणजे घड्याळ बरोबर नको, एकसारखं चुकणारं हवं. पण सूर्य 'सगळ्यात उंच गेला तो क्षण' सेकंदापर्यंत पकडता येतो?

रविवारचा_वाचक
येतो की. सूर्याची उंची मोजायचा सेक्स्टंट असतोच त्यासाठी.

बंदरावरचा
नाही येत. सेक्स्टंट हातात धरलेल्या माणसाला विचारा. दुपारी सूर्य चढायचा थांबतो आणि काही मिनिटं जागेवरच लोंबकळल्यासारखा राहतो, मग उतरू लागतो. अक्षांशासाठी हे वरदान, कारण उंची नेमकी मिळते. रेखांशासाठी तीच अडचण. चार सेकंद चुकलं की एक मिनिट रेखांश चुकला, आणि इथे तर मिनिटांची खात्री नाही. मी वर दुपार घेतली ती हिशेब सोपा व्हावा म्हणून.

प्रत्यक्षात रेखांशासाठी सूर्य सकाळी किंवा संध्याकाळी घ्यायचा, तो पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना. तेव्हा त्याची उंची भराभर बदलते, म्हणून उंचीवरून स्थानिक वेळ नेमकी निघते. दोघं लागतात. एक जण सेक्स्टंटवर, सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकली की ओरडणार, दुसरा क्रोनोमीटरपाशी सेकंद टिपणार. आधी सेकंद लिहायचा, मग मिनिट, मग तास. उलट केलं की सेकंद हुकतो. दुसरा मार्ग म्हणजे दुपारच्या आधी एक उंची घ्यायची, मग दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर येईपर्यंत थांबायचं. दोन वेळांचा मध्य म्हणजे दुपार. पण चालत्या जहाजावर मध्यंतरी जागा बदलते, त्याची दुरुस्ती करावी लागते.

कुडाळी
आमचे आजोबा तांडेल होते, मालवण-मुंबई गलबतावर. घड्याळ सोडा, नकाशाही नव्हता. कधी वाट चुकले नाहीत. त्यामुळे मला हा प्रश्न युरोपियन लोकांनी उगाच मोठा केलेला वाटतो. मुंबईत जायला रेखांश कशाला?

चंद्रकोर
कुडाळी, तुमच्या आजोबांचं कौशल्य मोठंच, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. किनाऱ्यालगत चालणाऱ्याला डोंगर, देवळं, खाड्या ओळखता येतात. आणि अरबस्तानातून येणाऱ्यालाही ध्रुवताऱ्याची उंची धरून सरळ पूर्वेला यायचं, की ज्या बंदराचा अक्षांश धरला ते समोर येतं. कधी येईल ते माहीत नसलं तरी येतं. किनारा जवळ आल्याची खूण म्हणून पाण्यात साप दिसू लागतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नोंदीतही आहे. अटलांटिकमध्येही जहाजं असंच करत, अक्षांश पकडायचा आणि त्यावरून धावायचं. पण त्यात वाट लांबते, आणि मधलं बेट पूर्वेला राहिलं की पश्चिमेला हेच कळत नाही. तिथे पाणी संपतं, स्कर्व्हीने माणसं जातात.

कुडाळी
सापांचं आजोबाही सांगायचे! पावसाळ्यानंतर पहिल्या फेरीला हमखास. पाण्याचा रंग आणि तळाला सोडलेल्या शिशाला लागलेला चिखल बघूनही सांगायचे कुठे आहोत ते. मग तेही वेळ न मोजता पूर्व-पश्चिम ओळखणंच झालं ना? माझं म्हणणं मी सोडत नाही. :)

चंद्रकोर
ते मान्य, पण तळ लागतो तिथपर्यंतच.

आता मला वेगळं बोलायचंय. या गोष्टीत हॅरिसन नायक आणि राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन खलनायक असं नेहमी रंगवलं जातं. मला ते पटत नाही. चंद्राची पद्धत तेव्हा खरोखर चालत होती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. तो एखाद्या ताऱ्यापासून किती लांब आहे हे मोजलं की ग्रीनिचची वेळ आकाशातच वाचता येते. मॅस्केलिनने 1767 पासूनची कोष्टकं छापून आणली, त्यामुळे चार तासांची आकडेमोड अर्ध्या तासावर आली. ही कोष्टकं कोणीही विकत घेऊ शकत होता. एच-4 जगात एकच होतं. लार्कम केंडलने त्याची नक्कल केली ती 450 पौंडांना पडली. प्रत्येक जहाजावर असं घड्याळ कुठून आणणार? बक्षिसाचा निर्णय देणाऱ्या रेखांश बोर्डाने 'हे दुसऱ्या कारागिरालाही जमतं का ते दाखवा' म्हटलं तर त्यात गैर काय?

हेअरस्प्रिंग
गैर हे, की कायद्यात ही अट नव्हती. कायदा म्हणत होता वेस्ट इंडीजची सफर. ती झाली. 1761-62 ला जमैका, तर म्हणाले जमैकाचाच रेखांश पक्का माहीत नाही. 1764 ला बार्बाडोस, तिथे चूक 39 सेकंद, म्हणजे दहा मैलांच्या आत. मर्यादेच्या तिप्पट चांगलं. तरी अर्धेच पैसे दिले आणि घड्याळ उघडून दाखवायला लावलं. म्हाताऱ्याला शेवटी राजा तिसऱ्या जॉर्जकडे जावं लागलं आणि 1773 मध्ये संसदेने उरलेले बरेचसे पैसे दिले. तेव्हा तो 80 वर्षांचा. तीन वर्षांत गेला. माझं रक्त उसळतं हे वाचताना, कारण कारागिराच्या हाताला असं वागवणारे लोक मी आजही बघतो.

आणि चंद्राची पद्धत किती नाजूक हे लिहिलं नाहीत तुम्ही. कोन एका मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकला तर रेखांश अर्धा अंश चुकतो. वर अमावस्येच्या आगेमागे चंद्रच नाही.

चंद्रकोर
कोनाबद्दलचं बरोबर आहे. पण घड्याळ एकदा बिघडलं की ते स्वतःहून सांगत नाही, आणि चंद्र बिघडत नाही. कॅप्टन कुकने 1772 च्या दुसऱ्या सफरीत केंडलची प्रत नेली, तिची मनापासून स्तुती केली, पण चंद्राचे वेध घेणं सोडलं नाही. त्यानेच तो घड्याळ पडताळत होता. आर्नल्डचीही तीन घड्याळं त्या मोहिमेवर होती, ती केंडलच्या प्रतीसारखी टिकली नाहीत. एकटं घड्याळ पुरलं असं म्हणणं मला जास्तीचं वाटतं.

पेठकरीण
तुम्ही दोघं भांडा, मी मध्ये एक किस्सा सांगते, जमैकाच्याच सफरीतला. हॅरिसनचा मुलगा विल्यम घड्याळ घेऊन 'डेप्टफर्ड' जहाजावर होता. जहाजावरची बिअर नासली, म्हणून मदेराला लवकर पोचायचं होतं. जहाजाच्या अंदाजाने रेखांश होता 13 अंश 50 मिनिटं पश्चिम, विल्यमच्या घड्याळाने 15 अंश 19 मिनिटं. दीड अंशाचा फरक! कॅप्टन डिग्ज पैज लावायला तयार, पाचास एक. विल्यम म्हणाला हाच मार्ग धरा, उद्या बेट दिसेल. सकाळी दिसलं. डिग्जने असं पहिलं विकाऊ घड्याळ आपण घेणार म्हणून सांगून टाकलं. मला त्या मुलाच्या रात्रीबद्दल वाटतं. सगळं जहाज तहानलेलं आणि भरवसा बापाच्या घड्याळावर.

रविवारचा_वाचक
हे माहीत नव्हतं, जबरी! म्हणजे सिलीचा अपघातही घड्याळ असतं तर टळला असता.

चंद्रकोर
तेवढं ठाम म्हणता येणार नाही. सिली ही इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, उत्तरेला आहेत. शॉव्हेलचं आरमार समजत होतं त्यापेक्षा उत्तरेलाही होतं, म्हणजे अक्षांशही चुकला होता. हवा खराब, नकाशे आणि होकायंत्रही फार भरवशाचे नाहीत. रेखांश हे एकमेव कारण होतं असं मानणं यावर अभ्यासकांत एकमत नाही.

रविवारचा_वाचक
पण कायदा त्यानंतर सात वर्षांत झाला हे तर खरं आहे ना. मला संबंध दिसतो.

सागरगोटा
मूळ प्रश्नाकडे येतो. उष्णता, एकसारखी चाल, वेध घ्यायची रीत, हे समजलं. एक राहिलं. चंद्रकोर म्हणाले घड्याळ बिघडलं की सांगत नाही. मग भर समुद्रात बिघाड ओळखायचा कसा? आणि रोज किती सेकंद पुढे जातो हा आकडा बंदरात मिळायचा कुठून?

बंदरावरचा
बंदरात वेधशाळेकडून. ग्रीनिचला 1833 पासून दुपारी एक वाजता छतावरचा मोठा गोळा खाली पडू लागला. टेम्स नदीत उभ्या जहाजांवरून दुर्बिणीने तो बघायचा आणि क्रोनोमीटरचा सेकंद लिहायचा. आठवडाभर थांबलात तर रोजची चाल हातात. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने 1826 ला कुलाब्याला वेधशाळा बांधली, त्यामागेही जहाजांना वेळ देणं हे एक काम होतं. जुनी मुंबईची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती, ती मुंबईच्या रेखांशातूनच आलेली. पुढे रेडिओवर वेळेचे ठोके येऊ लागले आणि रोज समुद्रावरच पडताळा मिळू लागला. आमच्या वेळी तेच करायचो.

रेडिओच्या आधी उपाय एकच, जास्त घड्याळं. एक असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा. दोन असतील आणि फरक पडू लागला तर कोण चुकतंय ते कळत नाही. तीन हवीत. रोज चावी देताना पहिल्या घड्याळाशी दुसरं आणि तिसरं ताडून फरक वहीत लिहायचा. पहिल्या-दुसऱ्याचा फरक रोज दीड सेकंदाने वाढतोय तर काही हरकत नाही, तो त्यांच्या चालींचाच फरक. पण एका सकाळी तो अचानक पाच सेकंदांनी उडाला, आणि पहिल्या-तिसऱ्याचा फरक नेहमीसारखाच आहे, म्हणजे दुसरं घसरलं. पहिल्याचे दोन्ही फरक एकदम उडाले आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा तसाच राहिला, तर पहिलं. 1831 ला डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल'वर 22 क्रोनोमीटर होते, जगभर रेखांशांची साखळी मोजायची होती म्हणून. परत येईपर्यंत त्यातले साधारण निम्मेच भरवशाचे उरले.

हेअरस्प्रिंग
तीनही एकाच उकाड्यात एकाच दिशेला सरकले तर? बॅलन्सची भरपाई दोन तापमानांना बरोबर बसते, मधल्या तापमानाला थोडी चुकतेच. सगळ्याच जोडपट्टीच्या बॅलन्समध्ये ही चूक आहे. मग वहीत फरक दिसणारच नाही.

बंदरावरचा
हो, हा धोका आहेच. म्हणून काही जण वहीत पेटीजवळचं तापमानही लिहायचे आणि चालीचा आकडा हवेप्रमाणे बदलायचे. आणि म्हणूनच जमीन दिसली, खूण पक्की ओळखता आली, की आधी त्या जागेचा नकाशातला रेखांश क्रोनोमीटरने काढलेल्याशी ताडून बघायचा.

चंद्रकोर
किंवा चंद्र बघायचा. :)

ओंकार_ठाणे
काका, मी आजपासून रोज सकाळी मोबाईलच्या वेळेशी घड्याळ ताडून वहीत फरक लिहिणार आहे. रात्री तबकडी वर ठेवू की उभं?

हेअरस्प्रिंग
आधी आठवडाभर तबकडी वर, मग आठवडाभर उभं, चावीची बाजू वर. दोन्हीचे आकडे इथे टाक. फरक पाच-सहा सेकंदांच्या वर आला तर दुकानात घेऊन ये, बॅलन्स बघू.